हीटसिंकच्या पिना: किती लांब, कुठल्या धातूच्या (बेंच सप्लायच्या प्रकल्प नोंदी)

६ एप्रिल २०२४, शनिवार

बेंच सप्लायचा पास ट्रान्झिस्टर परत शॉर्ट झाला. या वेळी आउटपुटला लावलेलं बोर्डपण गेलं, कारण ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की आतले २४ व्होल्ट सरळ बाहेर येतात. कारण शोधायची गरजच नव्हती. २४ व्होल्ट आत, १२ बाहेर, दीड अँपिअर करंट, म्हणजे १२ गुणिले दीड, १८ वॅट नुसती उष्णता त्या एका ट्रान्झिस्टरमध्ये आणि मी त्याला हाताएवढी पत्र्याची पट्टी लावून ठेवली होती. पट्टीला बोट लावलं की चटका बसायचा, तेव्हाच थांबायला हवं होतं.

आता नीट करायचं ठरवलंय. ट्रान्झिस्टर TIP35C घेतलाय. हीटसिंक स्वतः बनवायचा, ६० बाय ६० मिमीचा १० मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आणि त्यात ४ मिमीच्या गोल पिना, सहा बाय सहा, एकूण ३६. गोल पिना अशासाठी की हवा कुठूनही आली तरी चालते, आणि सळई बाजारात सहज मिळते. डबा लहान आहे, त्यामुळे एक छोटा फॅन असणारच.

अडलंय ते दोन गोष्टींवर, पिना किती लांब ठेवायच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या घ्यायच्या की तांब्याच्या. लेथवाले काका म्हणाले, "तांबं घाल, एकदाच काय तो खर्च, परत बघायला नको." भाचा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तो म्हणाला, "मामा, आधी एफिशियन्सी काढ, आमच्या लॅबमध्ये पितळेचा पिन फिन आहे, त्यावर हेच करतो आम्ही." दोघांचं ऐकायचं ठरवलं, पण आधी भाच्याचं.

७ एप्रिल, रविवार

भाचा वही घेऊन आला होता. त्याने जे समजावलं ते माझ्या भाषेत लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याने परत विसरेन.

पिनेच्या मुळाशी तापमान सगळ्यात जास्त, टोकाकडे जाता जाता कमी होत जातं, कारण वाटेत हवा उष्णता काढून घेत असते आणि टोकापर्यंत जी पोचते ती पिनेच्या धातूतूनच सरकत पोचते. म्हणजे टोकाकडचा भाग मुळापेक्षा कमी गरम, म्हणून तो कमी काम करतो. समजा अख्खी पिन मुळाइतकीच गरम राहिली असती तर जेवढी उष्णता गेली असती, त्याच्या किती टक्के प्रत्यक्षात जाते, ती त्या पिनेची एफिशियन्सी. बस एवढंच. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातला एक गोंधळ सुटला, मी एफिशियन्सी म्हणजे "हीटसिंक किती चांगला" असं समजत होतो. तसं नाहीये. अर्ध्या सेंटीमीटरच्या पिनेची एफिशियन्सी ९९ टक्क्यांच्या वर येते आणि ती पिन जवळजवळ काहीच उष्णता काढत नाही.

सगळं एका आकड्यावर येतं, m गुणिले लांबी. m मध्ये तीन गोष्टी आहेत. हवा किती जोरात उष्णता ओढते तो h, धातू किती सहज वाहून नेतो तो k, आणि पिनेची जाडी D. हवा जोरात ओढायला लागली की m वाढतो, धातू चांगला असला किंवा पिन जाड असली की कमी होतो. लांबीत D/4 मिळवायचं, म्हणजे टोकाच्या चकतीतून जाणारी उष्णतापण धरली जाते. आमच्या ४ मिमीच्या पिनेला १ मिमी जास्त धरायचं.

भाच्याने तिथेच लॅपटॉपवर लिहून दिलं:

```python
import math
def pin(h, k, D, L, th):
    Lc = L + D/4
    m = math.sqrt(4*h/(k*D))
    eta = math.tanh(m*Lc)/(m*Lc)
    q = eta*h*math.pi*D*Lc*th
    return m*Lc, eta, q
print(pin(50, 200, 0.004, 0.040, 50))
```

th म्हणजे मूळ हवेपेक्षा किती डिग्री गरम आहे ते. उत्तर वॅटमध्ये येतं. k पुस्तकात मिळतो, अ‍ॅल्युमिनियम ६०६३ साधारण २००, तांबं ३९०, पितळ ११५ च्या आसपास, स्टेनलेस ३०४ चा १६. D आपल्या हातात. h मात्र कुठल्याच पुस्तकात माझ्या फॅनचा, माझ्या टेबलावरचा लिहिलेला नाही. तो मोजायला लागणार.

९ एप्रिल, पाडवा

सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड, आणि चार वाजल्यापासून टेबलावर. सुट्टीचा चांगला उपयोग झाला.

रिग असा आहे. अ‍ॅल्युमिनियमचा ४० मिमीचा ठोकळा, त्याला मागून दोन वायरवाउंड रेझिस्टर घट्ट बसवले, ते हीटर. सगळीकडून ग्लासवूल गुंडाळलं, फक्त पुढे एक ४ मिमीचं भोक उघडं, ८ मिमी खोल, त्यात पिन आडवी बसते. भोक रिमरने साफ केलंय आणि पिनेला थर्मल पेस्ट लावूनच आत सारतो. एक थर्मोकपल ठोकळ्यात भोकाजवळ, दुसरा पिनेच्या टोकाला. थर्मोकपलची वायर बारीकात बारीक मिळाली ती घेतली, कारण जाड वायर टोकाला चिकटवली की ती वायरच एक छोटी फिन होते आणि टोक थंड दाखवते. वायर टोकापाशी पिनेभोवती एक वेढा देऊन मग बाहेर काढली.

समोर कॉम्प्युटरचा १२० मिमीचा फॅन, ७ व्होल्टवर हळू चालवलेला. फॅनची जागा टेबलावर टेपने आखून ठेवली, कारण तो दोन बोटं जरी सरकला तरी h बदलणार आणि मग कशाचीच कशाशी तुलना नाही.

पहिली पिन अ‍ॅल्युमिनियम, ४० मिमी बाहेर. आधी फॅन न लावता. ठोकळा ८१ डिग्री, खोली ३१. घरातला छताचा पंखापण बंद करायला लागतो, नाहीतर तो हवा ढवळतो, त्यामुळे पाऊण तास घामाने निथळत बसलो. टोक ७८ आलं. मुळात आणि टोकात फक्त ३ डिग्रीचा फरक! माझा थर्मोकपल स्वतःच एक डिग्री इकडेतिकडे असतो, त्यामुळे ३ डिग्रीवरून h काढायला गेलो की कधी १०, कधी २० येतो. काहीच धरता येईना.

१३ एप्रिल, शनिवार

चार दिवस हाच विचार करत होतो आणि उत्तर उलटं निघालं. हवा मोजायची तर चांगला धातू नकोच, वाईट धातू हवा. स्टेनलेसची पिन घ्यायची. तिच्यातून उष्णता सरकता सरकत नाही म्हणून टोक खूप थंड पडतं, फरक मोठा येतो आणि मोठ्या फरकात एक डिग्रीची चूक झाकली जाते. जाडी तीच, लांबी तीच, फॅन तिथेच, म्हणजे हवा तीच.

स्टेनलेस ४० मिमी. ठोकळा ८१, खोली ३१, मूळ हवेपेक्षा ५० वर.

फॅन बंद, टोक ५७. म्हणजे ५० पैकी २६ उरले. फॅन चालू, अर्धा तास थांबून, ठोकळा परत ८१ वर आणून, टोक ४१. ५० पैकी १० उरले, बरोबर पाचवा हिस्सा.

टोकाचं मुळाशी गुणोत्तर म्हणजे cosh(mL) ने भागणं, म्हणून cosh बरोबर ५, त्यावरून mL = २.२९, L ४१ मिमी (१ मिमी टोकाचा धरून), m ५५.९. मग

```
h = m^2 * k * D / 4 = 55.9^2 * 16 * 0.004 / 4 = 50
```

फॅनने h पन्नास. फॅनशिवाय त्याच पद्धतीने १५ च्या आसपास. फॅनशिवायचा आकडा जरा सैल धरायचा, कारण वारा नसताना हवा पिनेच्या गरमपणामुळेच वर सरकते आणि स्टेनलेसचं टोक थंड असल्याने तिथे ती कमी सरकते, म्हणजे h अख्ख्या पिनेवर एकसारखा नसतो. फॅन असला की हा प्रश्न जवळजवळ राहत नाही.

त्या h=५० वरून अ‍ॅल्युमिनियमच्या ४० मिमीच्या पिनेचं टोक किती यायला पाहिजे ते काढलं, ७२. मग पिन बसवून बघितली, ७१.५. फार बरं वाटलं. स्टेनलेसने मोजलेली हवा अ‍ॅल्युमिनियमला लागू पडली.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. घाईत टोक इन्फ्रारेड गनने बघितलं तर ३८ दाखवलं. थर्मोकपल म्हणतोय ७१, गन म्हणतेय ३८. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी किरणांनी सोडतं आणि समोरच्या भिंतीचंच प्रतिबिंब देतं, गन ते भिंतीचं तापमान वाचते. टोकाजवळ काळ्या इन्सुलेशन टेपचा वेढा दिला, गन ७० वर आली. बारीक पिनेवर गनचा डाग मावतपण नाही, आजूबाजूचं सगळं त्यात येतं. या कामाला गन वापरायची नाही.

१४ एप्रिल, रविवार

आज लांबी. एकच अ‍ॅल्युमिनियमची पिन, सुरुवात १२० मिमीपासून, मग हॅकसॉने कापत कापत ८०, ६०, ४०, २०. एकच पिन कापत गेलं की भोकातला जोड, पेस्ट, सगळं तेच राहतं, हे चांगलं.

पिन किती वॅट नेते ते असं मोजलं. ठोकळा ८१ वर धरायला हीटरला किती पॉवर द्यावी लागते ती व्होल्ट आणि अँपिअरवरून, त्यातून पिन नसताना लागणारी पॉवर वजा. पिनेशिवाय ठोकळा ग्लासवूलमधूनच २.३ वॅट खातो, तेवढे प्रत्येक वेळी वजा. दर लांबीला अर्धा पाऊण तास थांबायला लागतं, तापमान हलायचं थांबलं की मगच लिहायचं. सकाळी नऊला सुरू केलं, दुपारचे तीन वाजले.

२० मिमीला ०.६५ वॅट. ४० ला १.१. ६० ला १.५. ८० ला १.७. १२० ला १.८५. फॉर्म्युला म्हणतो ०.६४, १.१३, १.४८, १.७०, १.९०. माझ्या मोजणीत पाच-दहा टक्के इकडेतिकडे धरले तर हे अगदी जुळतंय.

आता हे आकडे नीट वाचले तर मजा कळते. २० वरून ४० केलं तेव्हा अर्धा वॅट जास्त मिळाला. पुढच्या २० ला ०.३५. त्याच्या पुढच्या २० ला ०.२२. आणि ८० वरून १२० केलं, म्हणजे चाळीस मिमी धातू वाढवला, तर जेमतेम ०.२. पिन कितीही लांब केली, मीटरभर जरी केली, तरी या हवेत, या जाडीला, ५० डिग्रीवर ती १.९९ वॅटच्या पुढे जाणारच नाही. धातूतून टोकापर्यंत पोचायच्या आत उष्णता संपलेली असते, पुढची सळई खोलीच्याच तापमानाची, नुसती उभी.

एफिशियन्सी या दरम्यान काय करते? २० ला ९६ टक्के, ४० ला ८८, ६० ला ७७, ८० ला ६७, १२० ला ५०. म्हणजे एफिशियन्सी कमी कमी होत गेली आणि उष्णता वाढत गेली, दोन्ही एकाच वेळी. भाच्याला फोन करून हेच सांगितलं तर म्हणाला, "मग मामा, किती टक्क्याला थांबायचं?" माझं उत्तर असं की टक्क्यावर थांबायचंच नाही. पुढच्या एका सेंटीमीटरला किती मिळतंय ते बघायचं आणि त्या सेंटीमीटरची जागा डब्यात आहे का, वजन परवडतं का ते बघायचं. एफिशियन्सी फक्त एवढं सांगते की आपण चढणीवर कुठे आहोत. ९५ च्या वर असू तर लांबी वाढवायला भरपूर वाव आहे, ५० ला आलो तर टोकं फुकट चालली आहेत.

२० एप्रिल, शनिवार

आज धातू. सगळ्या ४० मिमी, फॅन त्याच खुणेवर.

स्टेनलेसने ०.५५ वॅट नेला, पितळेने १.०५, अ‍ॅल्युमिनियम आपलं १.१ च्या वर. तांब्याची पिन मोठ्या आशेने लावली. १.०! पितळेपेक्षाही कमी, आणि फॉर्म्युला तर म्हणतोय १.२. तीन वेळा मोजलं. फॅन हलला का बघितलं, टेपच्या खुणेवरच होता. तांबं भेसळीचं आहे का, अशीपण शंका आली.

मग एक थर्मोकपल काढून पिनेवर ठोकळ्यापासून ५ मिमीवर लावला. तिथे ८० च्या आसपास यायला हवं होतं, कारण तांब्यात ५ मिमीत डिग्री सव्वा डिग्रीच पडायला पाहिजे. आलं ७३. ठोकळा ८१ आणि पिन सुरू होतानाच ७४. म्हणजे ७ डिग्री पिनेत नाही, जोडात गेले.

कॅलिपर लावला. तांब्याची सळई ४.०० नाही, ३.९६ आहे. आणि पेस्टची ट्यूब स्टेनलेस-पितळेलाच संपली होती, तांबं कोरडंच घातलं होतं, "घट्ट बसतंय की" म्हणून. चारी बाजूंनी ०.०२ मिमीची हवा राहिली. केसापेक्षा बारीक, पण हवेचा k ०.०२८ आहे हो, अ‍ॅल्युमिनियमच्या सात हजार पटींनी कमी. भोकाची आतली बाजू १०० चौरस मिमी धरून काढलं तर त्या फटीचा अडथळा वॅटला ७ डिग्री येतो. वॅटभर उष्णता जात होती, ७ डिग्री पडले. हिशोब अगदी बरोबर बसला.

२१ एप्रिल, रविवार

सकाळीच बुधवार पेठेतून पेस्ट आणली असती पण रविवारी दुकानं बंद, शेजारच्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडून थोडी घेतली. पेस्ट लावून तांबं परत घातलं. ५ मिमीवर ७९.५. उष्णता १.२ वॅट.

तर जोड नीट केल्यावर तांब्याने अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सहा टक्के जास्त दिलं. k जवळजवळ दुप्पट, फायदा सहा टक्के. का, ते एफिशियन्सीवरून दिसतं. अ‍ॅल्युमिनियमची पिन ४० मिमीला ८८ टक्क्यांवर आहे, तिथून धातू देवाने दिलेला असला, k अमर्याद असला, तरी १०० च्या वर जाणार नाही. सगळी मिळून कमाई बारा टक्क्यांची, तांब्याने त्यातले निम्मे मिळवले, ८८ चे ९३ झाले. बाकी अडथळा हवेचा आहे आणि तांबं हवेला काही करू शकत नाही.

उलट बाजूने स्टेनलेस बघा. k अ‍ॅल्युमिनियमच्या बाराव्या हिश्श्याएवढा, पण उष्णता बाराव्या हिश्श्यावर नाही आली, निम्म्यावर आली. एफिशियन्सी ४३ टक्के. k चा परिणाम असा वर्गमुळातून, मग tanh मधून चाळून येतो, सरळ कधीच येत नाही.

आणि फॅन नसेल तर? h=१५ ला अ‍ॅल्युमिनियमची ४० मिमीची पिन आधीच ९६ टक्क्यांवर. तिथे तांबं लावणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

तांबं कुठे कामाचं तेपण काढून ठेवलं. पिन लांब असेल आणि वारा जोरात असेल तेव्हा. ८० मिमीला याच फॅनमध्ये अ‍ॅल्युमिनियम १.७०, तांबं २.०, अठरा टक्के जास्त. फार लांब पिनेला ते जाऊन जाऊन चाळीस टक्क्यांना टेकतं, ३९० भागिले २०० चं वर्गमूळ १.४ येतं म्हणून. पण वजन सव्वातीन पट, आणि ३६ पिना. काकांना सांगितलं, अ‍ॅल्युमिनियमच करूया. ते म्हणाले, "बरं झालं, तांबं ड्रिलला चिकटतं, मलाच त्रास होता."

२७ एप्रिल, शनिवार

हीटसिंक तयार झाला. काकांनी ३६ भोकं रिमरने काढून दिली, प्रत्येक पिनेला पेस्ट लावून लाकडी हातोडीने ठोकून बसवली. २० तारखेचा धडा डोक्यात होता, म्हणून बसवायच्या आधी प्रत्येक पिन कॅलिपरने बघितली, दोन पिना बारीक निघाल्या त्या बाजूला काढल्या. सगळ्या ४० मिमी. डब्यात ६० पर्यंत जागा आहे, पण आधी हे बघू म्हटलं.

कागदावर, h ५० धरून, ३६ पिना आणि मधला उघडा बेस मिळून वॅटला साधारण १ डिग्री येतं. १८ वॅटला १८-१९ डिग्री वाढ.

६० मिमीचा फॅन एका बाजूने, १८ वॅट, तासभर. वाढ आली २६ डिग्री.

पिनेच्या हिशोबात चूक नाही, ती तर आपण पाच लांब्यांवर तपासली. फरक हा की एकटी पिन आणि घोळक्यातली पिन वेगळी. पहिल्या रांगेला ताजी हवा मिळते, सहाव्या रांगेला पाच रांगांनी गरम केलेली. मधून सेकंदाला मीटरभर वेगाने हवा जाते असं धरलं तर ६० बाय ४० च्या तोंडातून जाणारी हवा १८ वॅटने साडेसहा डिग्री गरम होते, सरासरी तीन-साडेतीन. थर्मोकपल मागच्या बाजूला धरला तर हवा खोलीपेक्षा ८ डिग्री गरम होती, म्हणजे हवा मी धरली त्यापेक्षापण कमीच जातेय. उरलेली कुठे जाते ते उदबत्ती लावून बघितलं. धूर पिनांच्या जंगलात शिरण्याऐवजी अर्धा वरून आणि दोन्ही बाजूंनी निघून जात होता. हवेला मोकळी वाट दिसली की ती अडचणीत का शिरेल.

१ मे, बुधवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. पुठ्ठ्याची नळी केली, फॅनपासून हीटसिंकच्या मागच्या टोकापर्यंत, वरून आणि बाजूने पिनांना जेमतेम दोन मिमी सोडून. उदबत्तीचा धूर आता सरळ आत जातो आणि मागून निघतो. तोच फॅन, तेच १८ वॅट, वाढ २६ वरून २१. पाच रुपयांचा पुठ्ठा, आणि पाच डिग्री. तांब्याने सहा टक्के दिले असते, याने वीस दिले.

मग लांबीचा प्रश्न परत काढला. ४० च्या ६० करायच्या का? १४ तारखेच्या आकड्यांवरून ४० ते ६० मध्ये ३१ टक्के जास्त मिळायला पाहिजेत. पण तिथे १२० मिमीचा मोठा फॅन होता, पिन लांब झाली तरी तिच्यावर वारा तेवढाच. इथे नळीतून तेवढीच हवा आता दीडपट उंच तोंडातून जाणार, म्हणजे वेग दीडपट कमी. या जाडीच्या गोल पिनेला h वेगाच्या साधारण अर्ध्या घातात बदलतो, म्हणजे ५० चा ४१ होतो. ४१ घालून काढलं तर पिनेमागे ०.०२२७ वॅट प्रति डिग्रीचे ०.०२५३ झाले, बारा टक्के. उंच तोंडामुळे फॅनवरचा भार कमी होऊन हवा थोडी जास्त जाईल, म्हणून दोन-तीन टक्के अजून धरा. ३१ चे झाले बारा ते पंधरा.

एवढ्यासाठी ३६ पिना परत कापून, परत ठोकून बसवायच्या? एक नमुना तरी बघावा असं वाटत होतं, पण आधी ट्रान्झिस्टरचं गणित पूर्ण केलं.

५ मे, रविवार

TIP35C चा आतल्या चिपपासून टॅबपर्यंतचा अडथळा डेटाशीटवरून वॅटला १ डिग्री, म्हणजे १८ डिग्री. मायका आणि पेस्टचे अजून ९ धरले. उन्हाळ्यात डब्यातली हवा ४२ पर्यंत जाते हे आजच दुपारी मोजलं. ४२ अधिक हीटसिंकचे २१ म्हणजे ६३, मायकानंतर ७२, चिप ९०. मर्यादा १५० आहे.

पिना ६० च्या केल्या असत्या तर ते २१ चे १९ झाले असते आणि चिप ८८ ला आली असती. मायका नीट लावली, पेस्ट पातळ आणि एकसारखी पसरली, स्क्रू बरोबर आवळला तर तिथेच दोन-तीन डिग्री मिळतात, आणि तिथे हातातलं काम पाच मिनिटांचं आहे. म्हणून पिना ४० च.

मायका काढून बघितली तर पेस्टचा जाड थर एका बाजूला जमला होता, स्क्रूकडची बाजू दाबलेली आणि पलीकडची उचललेली. साफ करून पुन्हा लावली, स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर घातला. टॅब आणि बेसमधला फरक ११ होता, तो ८ वर आला.

पुठ्ठ्याच्या जागी पातळ पत्र्याची नळी करून डब्याला स्क्रूने बसवली. दुपारी दोन वाजता, खिडक्या उघड्या, खोली ३७, डब्यात ४१, दीड अँपिअर, दोन तास सलग. बेस ६२, टॅब ७०. बेसला बोट लावलं तर पाच-सहा सेकंद ठेवता येतं, मग काढावं लागतं. नवीन बोर्ड जोडलंय, बारा व्होल्टवर चालू आहे. मागच्या जाळीवर धूळ बसून हवा कमी होते का, त्यासाठी हीटसिंकच्या मागे थर्मोकपल तसाच ठेवलाय. बाहेर पडणारी हवा आज आत जाणाऱ्यापेक्षा ७ डिग्री गरम आहे. महिन्याने परत मोजायचं, ती १० च्या वर गेली तर जाळी साफ करायची.

२ जून, रविवार

९ डिग्री. जाळी ब्रशने साफ केली, परत ७.